एका हाकेवर, एका बोटावर
दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी मोबाइलची नीट मांडणी

गेल्या पावसाळ्यातील एका दुपारी आमच्या शेजारच्या आजींची रक्तातील साखर अचानक उतरली. आजींचे वय ७८. मधुमेह जुना आणि गेल्या चार वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची झीज. घरात त्या एकट्याच होत्या. अंगाला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, तेव्हा मोबाइल त्यांच्या हातातच होता. मुलाने त्यांना शिकवून ठेवले होते, ‘हिरवे चिन्ह दाबायचे आणि सर्वांत वरच्या नावावर बोट ठेवायचे, ते माझेच असते.’ आजींनी तसेच केले. परंतु सकाळी गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाचा फोन येऊन गेला होता आणि सर्वांत वरचे नाव आता त्याचे होते. तो भला माणूस ‘आजी, सिलिंडर उद्या येईल’ असे सांगून मोकळा झाला. सुदैवाने आजींनी उशाजवळची साखर तोंडात टाकली, भिंतीला धरून दारापर्यंत आल्या आणि आमचे दार वाजवले.

त्या संध्याकाळी त्यांचा नातू आणि मी तो मोबाइल घेऊन बसलो. अक्षरे मोठी केली की काम झाले, अशी आमची समजूत होती. ती अपुरी होती, हे तासाभरात ध्यानात आले. मधुमेह, काचबिंदू, मोतीबिंदू किंवा वयपरत्वे येणाऱ्या झिजेमुळे ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांच्यासाठी मोबाइल लावून देणाऱ्या कुटुंबीयांना उपयोगी पडेल, म्हणून त्या खटाटोपाचा हा वृत्तांत.

अडचण अक्षरांची की प्रश्नांची?

आजींना फोन लावताना पाहिले, तेव्हा पहिली गोष्ट उमगली. त्या नावापर्यंत बहुधा पोहोचत. पण नावावर बोट ठेवल्यानंतर मोबाइल मध्येच काहीतरी विचारी. ‘पहिल्या सिमवरून की दुसऱ्या?’ ‘घरचा नंबर की कार्यालयाचा?’ असे प्रश्न बारीक अक्षरांत पडद्यावर येतात आणि उत्तर मिळेपर्यंत फोन थांबून राहतो. डोळस माणूस नकळत उत्तर देऊन पुढे जातो. ज्याला तो प्रश्न दिसतच नाही, तो मोबाइल कानाला लावून वाट पाहत बसतो आणि शेवटी म्हणतो, ‘फोन लागतच नाही.’

म्हणून आम्ही एकच कसोटी ठरवली. बोट ठेवल्यापासून किंवा नाव उच्चारल्यापासून पलीकडे घंटा वाजेपर्यंत मोबाइलने एकही प्रश्न विचारता कामा नये. पुढची सारी कामे या कसोटीतून निघाली. आजींचा मोबाइल अँड्रॉइडचा आहे. कंपनी आणि आवृत्ती यांनुसार सेटिंगची नावे थोडी बदलतात. मोबाइलची भाषा मराठी असेल तर ती मराठीतही दिसतील. मात्र क्रम साधारण हाच राहतो.

प्रथम नावांची साफसफाई

आजींचा मोबाइल पूर्वी नातवाचा होता. त्यात अजून त्याचेच गूगल खाते होते आणि त्या खात्यातील चारशेहून अधिक नावे आजींच्या यादीत उतरली होती. ‘ताई’ असे उच्चारले की मोबाइल कधी कधी ‘आई’ ऐकून नातवाच्या आईला फोन लावी. नको असलेली नावे पुसून टाकावीत, असा मोह अशा वेळी होतो. तो आवरावा. खाते सामाईक असेल तर आजींच्या मोबाइलमधून पुसलेले नाव नातवाच्या मोबाइलमधूनही जाते. आम्ही आजींसाठी स्वतंत्र खाते उघडले, नातवाचे खाते त्या मोबाइलमधून काढून टाकले आणि नव्या खात्यात मोजकी दहा नावे हाताने भरली.

नावे भरताना तीन पथ्ये पाळली. पहिले पथ्य, एका नावापुढे एकच नंबर. मुलाचे तीन नंबर होते. त्यांपैकी जो तो नेहमी उचलतो, तेवढाच ठेवला. कार्यालयाचा नंबर हवाच होता, म्हणून ‘कचेरी’ असे वेगळे नाव करून त्यात ठेवला. दुसरे पथ्य, नाव आखूड. अक्षरे मोठी केली की लांब नावांची शेपटी कापली जाते आणि ‘डॉक्टर’ने सुरू होणारी तीन नावे एकसारखीच दिसू लागतात. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांसाठी नुसते ‘डॉक्टर’ आणि नेत्रतज्ज्ञांसाठी ‘डोळेवाले’ अशी नावे ठेवली. आजी त्यांचा उल्लेख तसाच करतात. तिसरे पथ्य, एकमेकांशी जुळणारे उच्चार टाळणे. ‘ताई’ आणि ‘माई’ दोघी यादीत होत्या. मुलीचे नाव ‘ताई’च ठेवले आणि माईंचे ‘विहीणबाई’ केले.

सर्वांत अधिक उपयोगी ठरलेला बदल मात्र सिमचा होता. मोबाइलमध्ये दोन सिम असतील तर Settings मध्ये SIMs या भागात जाऊन Calls हा पर्याय पाहावा. तेथे Ask every time अशी निवड असेल, तर ती बदलून एकच सिम कायमचे नेमून द्यावे. आजींचे निम्मे ‘न लागणारे’ फोन एवढ्यानेच लागू लागले.

पडद्यावरील जागा ठरवताना

अक्षरांचा आकार वाढवण्यासाठी Settings मध्ये Display या भागात Font size आणि Display size असे दोन वेगळे पर्याय असतात. काही मोबाइलमध्ये ते Display size and text या नावाखाली एकत्र दिसतात. पहिल्याने केवळ अक्षरे वाढतात, तर दुसऱ्याने चिन्हे, बटणे आणि चौकटीही मोठ्या होतात. फोन लावण्यासाठी दुसरा पर्याय अधिक महत्त्वाचा आहे. कारण बोट अक्षरावर नव्हे, चिन्हावर ठेवायचे असते. Bold text आणि High contrast text हे पर्याय असतील तर तेही चालू करावेत. काही कंपन्यांच्या मोबाइलमध्ये हे बदल एकत्रित करून देणारी Easy mode, Simple mode किंवा Lite mode अशी सोय असते. तेथून आरंभ केला तरी चालेल.

त्यानंतर आवडत्या नंबरांची मांडणी. Contacts मध्ये नाव उघडून वरच्या ताऱ्यावर बोट ठेवले की ते नाव Favourites मध्ये जाते. पण तेथे पोहोचायला आधी फोनचे चिन्ह उघडावे लागते. त्याहून सोपा मार्ग मुख्य पडद्यावरच आहे. रिकाम्या जागेवर बोट थोडा वेळ दाबून धरावे, Widgets निवडावे, त्यातील Contacts या गटात Direct dial शोधावे आणि हवे ते नाव निवडावे. त्या व्यक्तीचे चिन्ह मुख्य पडद्यावर येते आणि त्यावर बोट टेकवताच फोन लागतो. अलीकडील कॉलची यादी दर कॉलनंतर हलते, हे चिन्ह मात्र ठेवले तेथेच राहते. त्या दुपारी आजींना नेमका हाच स्थिरपणा हवा होता.

चिन्हात सहसा व्यक्तीचे छायाचित्र असते. आजींना ते चेहरे ओळखू येत नव्हते. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये सरळ पाहिले की नजरेच्या मधोमध धूसर डाग येतो आणि चेहऱ्याचे बारकावे नेमके त्यातच हरवतात. नातवाने यावर साधी युक्ती केली. पिवळ्या कार्डांवर जाड काळ्या मार्करने एकेकच अक्षर काढले, मुलासाठी ‘मु’, ताईसाठी ‘ता’, सुनेसाठी ‘सू’ आणि आमच्यासाठी ‘शे’. त्या कार्डांची छायाचित्रे घेतली आणि Contacts मध्ये त्या त्या नावाला लावली. पिवळ्यावर काळे हे अक्षर आजींना मान किंचित तिरकी करून कडेच्या नजरेने दिसू लागले.

ही चार चिन्हे आम्ही पडद्याच्या कोपऱ्यांजवळ ठेवली. कोपरा दिसला नाही तरी अंगठ्याला मोबाइलची कड लागते आणि तिच्या आधाराने जागा सापडते. वरचा डावा मुलाचा, वरचा उजवा ताईचा, खाली सून आणि आम्ही. मधली जागा रिकामी सोडली. आठवडाभरात आजींना अक्षर वाचायचीही गरज उरली नाही. देवघरातील उदबत्तीच्या पुड्याची जागा हाताला माहीत असते, तशी ही जागा हाताला माहीत झाली. ती पुन्हा बदलू नये आणि बोट घसरून चिन्ह हलू नये, म्हणून Home settings मध्ये Lock Home screen layout अशी सोय होती, ती चालू केली.

येथे एक सावधगिरी हवी. ही मांडणी मधली नजर गेलेल्यांसाठी आहे. काचबिंदूत अनेकदा उलटे घडते. कडेची नजर आक्रसते आणि नळीतून पाहावे तसे मधलेच तेवढे दिसते. अशा व्यक्तीला फार मोठी आणि कोपऱ्यांत विखुरलेली चिन्हे शोधत बसावी लागतील. त्यांच्यासाठी मध्यम आकाराची चिन्हे पडद्याच्या मध्यावर जवळजवळ ठेवावीत. मोतीबिंदूत पांढऱ्या पडद्याची तिरीप डोळ्यांना सोसत नाही, म्हणून Dark theme लावून पाहावी. कोणती मांडणी योग्य, हे त्या व्यक्तीला मोबाइल हातात देऊन विचारल्याशिवाय ठरवू नये.

आवाजाने फोन लावताना

चिन्हे बसली तरी दुसरा मार्ग हवा होता. चष्मा हाताशी नसतो, हात कणकेचे असतात किंवा कापत असतात, अशा वेळी आवाज कामी येतो. Google ॲपच्या Settings मध्ये आवाजाविषयीचा भाग असतो. तेथे भाषा निवडता येते आणि मराठीचा पर्यायही असतो. Voice Match या सोयीने मोबाइल मालकाचा आवाज ओळखायला शिकतो. त्यासाठी ठरावीक शब्द काही वेळा म्हणावे लागतात. ते आजींनी स्वतः म्हणावेत, कवळी लावून आणि रोजच्या आवाजात. नातवाने ‘लवकर आटोपू’ म्हणून स्वतःचा आवाज दिला असता, तर पुढे मोबाइलने आजींना दाद दिली नसती.

‘हे गूगल’ अशी हाक मारून मोबाइल जागा करणे सोयीचे वाटते. पण घरात दूरदर्शन चालू असेल तर ती हाक हरवते. त्याऐवजी बाजूचे बटण दाबून धरण्याची सोय भरवशाची वाटली. Settings मध्ये Press & hold power button किंवा Side button या नावाने ती सापडते. बटण बोटाला नेमके सापडावे म्हणून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब टाकून वाळू दिला. हा बदल केल्यावर मोबाइल बंद करण्याची रीत बदलते. बहुतेक मोबाइलमध्ये त्यासाठी बाजूचे बटण आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबावे लागते, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

खरी गंमत पुढे होती. आजी म्हणाल्या, ‘ताईला फोन लाव’, आणि फोन लागला. ‘विहीणबाईंना फोन लाव’ म्हटले, तेव्हा मोबाइलला नाव सापडले नाही. मराठीत विभक्ती लागली की नाव रूप बदलते. ‘विहीणबाई’चे ‘विहीणबाईंना’ होते, ‘डोळेवाले’ तर ‘डोळेवाल्यांना’ होऊन बसतात. यादीत लिहिलेले नाव आणि कानी पडलेले नाव जुळत नाही. यावर उपाय दोन. एक, नाव मूळ रूपातच राहील असे वाक्य शिकवणे. ‘कॉल विहीणबाई’ हे मराठीच्या कानाला ओबडधोबड वाटते, पण काम करते. दुसरा, रूप फारसे न बदलणारी नावे निवडणे. ‘ताई’चे ‘ताईला’ होताना मूळ नाव शाबूत राहते. आम्ही ‘डोळेवाले’ बदलून ‘नेत्रालय’ केले आणि आजींना ‘कॉल’ने सुरुवात करायची सवय लावली.

प्रत्येक नाव आम्ही दहा वेळा म्हणून पाहिले. दहापैकी नऊ वेळा तरी योग्य माणसाला फोन लागला पाहिजे, असे ठरवले. ‘ताई’ दहाही वेळा लागले. ‘सूनबाई’ सहाच वेळा लागले. ‘बाई’ एवढेच ऐकून मोबाइल ‘विहीणबाई’कडे वळत होता. नुसते ‘सून’ केल्यावर अडचण मिटली. मोबाइलने काय ऐकले ते पडद्यावर उमटते. चाचणी घेणाऱ्याने ते वाचत राहावे, म्हणजे चूक उच्चाराची आहे की यादीतील नावाची, हे लगेच कळते.

मोबाइलला कुलूप असेल तर आवाजाने फोन लावण्याआधी तो उघडायला सांगतो, आणि पुन्हा आपल्या कसोटीत अडथळा येतो. आवाजाच्या सेटिंगमध्येच Lock screen या नावाने कुलूपबंद पडद्यावरही फोन लावू देण्याची परवानगी असते, ती द्यावी. कुलूपच काढून टाकणे मात्र बँकेचे व्यवहार असलेल्या मोबाइलमध्ये धोक्याचे आहे. बोटाच्या ठशाचे कुलूप असेल तर दोन्ही अंगठे नोंदवावेत. वयानुसार ठसे झिजतात आणि त्वचा कोरडी पडते. म्हणून एकाच अंगठ्याची नोंद दोनदा केली तर ओळख पटणे सोपे जाते.

आवाजाची एक मर्यादा कधीही विसरू नये. ही सोय बहुतांशी इंटरनेटवर चालते. वीज गेली, घरातील वाय-फाय बंद पडले आणि मोबाइल डेटाही बंद असला, तर आजींची हाक कोणाच्याच कानी पडणार नाही. साधा फोन मात्र तेव्हाही लागतो. म्हणून कोपऱ्यातील चिन्हे आणि आवाज हे दोन्ही मार्ग हवेत. एक अडला की दुसरा मोकळा असतो.

फोन ठेवणे आणि तातडीची वेळ

फोन संपवण्याचे लाल बटणही आजींना दिसत नसे. बोलणे झाल्यावर फोन तसाच चालू राही आणि त्यांचा नंबर तासन्‌तास व्यग्र येई. Accessibility या भागात Power button ends call असा पर्याय मिळाला. तो चालू केल्यावर नेलपॉलिशच्या थेंबाचे तेच बटण एकदा दाबले की फोन बंद होऊ लागला.

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्व प्रकारच्या आणीबाणीसाठी ११२ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. हे Direct dial म्हणून पडद्यावर ठेवू नयेत. पिशवीत बोट लागून नाहक फोन जातात आणि खऱ्या गरजूची वाट अडते. ‘रुग्णवाहिका’ या नावाने १०८ यादीत ठेवावा. चाचणीसाठी मात्र हे क्रमांक कधीही लावू नयेत. Settings मध्ये Safety and emergency या भागात Emergency SOS असेल तर ते वाचून पाहावे. अनेक मोबाइलमध्ये बाजूचे बटण पाच वेळा भराभर दाबले की आणीबाणीचा फोन जातो. आजींच्या हाताला कंप असल्याने तो चुकून जाऊ नये, म्हणून फोन जाण्याआधी पडद्यावर बोट दाबून धरावे लागेल, असा पर्याय आम्ही निवडला.

ज्यांना स्पर्शाचा मोबाइल मुळीच जमत नाही, त्यांच्यासाठी बटणांचा साधा फोन आजही उत्तम आहे. ५ या बटणावर एक उंचवटा असतो. त्यावरून बाकीची बटणे बोटांना सापडतात. २, ३, ४ ही बटणे दाबून धरताच ठरावीक व्यक्तीला फोन जावा, अशी सोय Speed dial मध्ये करता येते. ५ आणि ९ मात्र त्यासाठी वापरू नयेत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार साध्या फोनमध्ये यांपैकी एक बटण दाबून धरणे ही आणीबाणीची खूण ठरवलेली आहे.

दर महिन्याची फेरी

मोबाइलची मांडणी एकदा करून संपत नाही. आवृत्ती बदलली की एखादी परवानगी मागे घेतली जाते, नवे सिम आले की जुना प्रश्न पुन्हा उगवतो, कोणाचा नंबर बदलतो. म्हणून नातू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आजींना एक खेळ लावतो. दिवे मालवतो, आजींचा चष्मा बाजूला ठेवतो आणि सांगतो, ‘आता ताईला फोन करा.’ एकदा बोटाने, एकदा आवाजाने. मग वाय-फाय आणि डेटा बंद करून पुन्हा एकदा बोटाने. मध्ये कोठे मोबाइलने प्रश्न विचारला, तर तो प्रश्न त्याच दिवशी मिटवायचा.

श्रावणातील अशाच एका रविवारी आजींनी चाचणी म्हणून आम्हाला फोन लावला. मी उचलला. त्या म्हणाल्या, ‘काही नाही हो, जागेवर आहात ना तेवढे पाहिले.’ पडद्याचा खालचा उजवा कोपरा आमचा आहे, हे त्यांच्या अंगठ्याला आता पक्के ठाऊक झाले आहे.